फाइंडिंग आणि शिफारस यांच्या मधलं पान: पॉलिसी ब्रीफ लिहिणाऱ्यांसाठी

लोकप्रशासनाच्या कोर्सला पॉलिसी ब्रीफची असाइनमेंट आली की नाशिकमधली मुलं सर्व्हे छान करतात, उन्हात फिरतात, शंभर शंभर फॉर्म भरून आणतात, पाय चार्ट काढतात आणि मग शेवटच्या पानावर येऊन लिहितात, "महापालिकेने या समस्येकडे गांभीर्याने लक्ष द्यावे, योग्य ती कार्यवाही करावी व नागरिकांमध्ये जनजागृती करावी." मी गेली काही वर्षं ज्युनिअर मुलांचे ब्रीफ सबमिट करायच्या आधी वाचून देते, आणि हे वाक्य वाचलं की मला खरंच वाईट वाटतं कारण त्या मुलाने आठ दिवस जे बघितलं त्यातलं काहीच त्या वाक्यात उतरलेलं नसतं, ते वाक्य सर्व्हे न करताही लिहिता आलं असतं.

तर या लेखात मी फक्त तेवढंच घेतलंय, की सर्व्हेत जे सापडलं तिथून शिफारशीपर्यंत कसं जायचं. फॉरमॅटबद्दल थोडक्यात सांगते आणि पुढे जाते: ब्रीफ दोन पानांचा, फार तर चार, एकाच वाचणाऱ्यासाठी लिहिलेला, त्याचं पदनाम वरती लिहिलेलं, आणि शिफारस पहिल्या परिच्छेदातच आलेली. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आपण प्रस्तावना, पद्धत, निरीक्षणं, निष्कर्ष असं चढत चढत जातो. ब्रीफ बरोबर उलटा असतो, आधी काय करा ते, मग का ते, आणि पद्धत शेवटी परिशिष्टात अर्ध्या पानात. बस.

आता एक उदाहरण धरू. सिडकोकडचा एक रस्ता आहे समजा, नाव मुद्दाम टाकत नाही कारण आकडे मी समजवायला सोपे घेतलेत, पण असा रस्ता तुमच्याही एरियात असेल. रस्त्यावर दोन्ही बाजूंना भाजी-फळांच्या हातगाड्या लागतात, ट्रॅफिक जाम होतो, आणि तिथून तीनशे मीटरवर आत एका मोकळ्या जागेत महापालिकेने हॉकर झोन करून दिलाय, पांढरे पट्टे मारून 90 जागा आखल्यात. ग्रुपने संध्याकाळी जाऊन मोजलं, झोनमध्ये 9 गाड्या, रस्त्यावर 78. फाइंडिंग लिहिलं, "90 पैकी फक्त 9 जागा वापरात आहेत, विक्रेते हॉकर झोनचा वापर करत नाहीत." आणि शिफारस आली, "रस्त्यावर बसणाऱ्यांवर कडक कारवाई करावी व तो रस्ता ना-फेरीवाला क्षेत्र घोषित करावा."

वाचायला अगदी बरोबर वाटतं, हो ना? पण यात तीन ठिकाणी गडबड आहे.

पहिली गडबड फाइंडिंगमध्येच. "वापर करत नाहीत" हे मोजलेलं नाही, तो आपला अर्थ आहे. मोजलंय काय तर एका संध्याकाळी सात वाजता 9 गाड्या होत्या. मग ग्रुपला म्हटलं की सकाळी जाऊन बघा, आणि एक दिवस नको, सहा दिवस, सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला, त्याच दोन जागी उभं राहून. समजा तेव्हा असं निघालं की सकाळी झोनमध्ये 41 गाड्या आणि रस्त्यावर 22, तर आता सगळं चित्र बदललं. लोक झोनमध्ये जातात, सकाळी जातात. संध्याकाळी जात नाहीत. म्हणजे प्रश्न "विक्रेते नियम पाळत नाहीत" हा उरला नाही, प्रश्न झाला "संध्याकाळी असं काय होतं की तीच माणसं बाहेर येतात?" एवढ्या एका फरकाने पुढची सगळी शिफारस बदलणार आहे, म्हणून मी फाइंडिंगच्या वाक्यावर इतका वेळ घालवते. वाक्यात कधी, कुठे, किती हे तिन्ही हवं, आणि ज्याच्यात माणसाच्या मनातलं काही सांगितलंय असं क्रियापद (टाळतात, ऐकत नाहीत, मानत नाहीत) दिसलं की थांबायचं, ते तुम्ही मोजलंय का मनाने घातलंय ते बघायचं.

दुसरी गडबड म्हणजे कारण. फाइंडिंग सांगतं काय घडतंय, शिफारस सांगते काय करा, आणि मध्ये एक पान असतं की हे का घडतंय, जे बहुतेक ब्रीफमध्ये नसतंच. ते पान लिहिलं नाही तरी ते असतंच, फक्त न बोलता गृहीत धरलेलं असतं. "कडक कारवाई करा" म्हणणाऱ्याने गृहीत धरलंय की लोकांना भीती नाही म्हणून ते बाहेर बसतात. "जनजागृती करा" म्हणणाऱ्याने गृहीत धरलंय की लोकांना झोन माहीतच नाही. आता सकाळी 41 जण तिथेच बसतात तर माहीत नाही असं कसं म्हणणार? जनजागृतीची शिफारस तिथेच गळून पडली. मला हा प्रयोग फार उपयोगी वाटतो, शिफारस आधी लिहा आणि मग स्वतःला विचारा की ही बरोबर ठरायला कारण काय असायला पाहिजे, आणि ते कारण माझ्या डेटात दिसतंय का.

कारण शोधायला विक्रेत्यांशी बोलावं लागतं आणि इथे फॉर्मवरचे पर्याय कामाचे नसतात. मी ज्या मावशींकडून भाजी घेते त्यांना मी एकदा सहज विचारलं होतं, आत जागा दिलीये तर तिथे का नाही बसत, तर त्या मेथीच्या जुड्यांवर पाणी मारता मारता म्हणाल्या, "अगं बाई, कंपनी सुटल्यावर माणूस गाडीवरून उतरत पण नाही, गाडीवर बसूनच पिशवी पुढे करतो. तो आत कशाला येईल? आणि ही मेथी उद्या कोण घेणार?" या तीन वाक्यांत सगळं आलं, बघा. गिऱ्हाईक अंबड-सातपूरच्या कंपन्यांमधून शिफ्ट सुटून घरी जाणारं आहे, ते वाटेवरच घेतं, आणि माल रात्रीपर्यंत संपला नाही तर दुसऱ्या दिवशी त्याला भाव नाही. सकाळचं गिऱ्हाईक वेगळं, ते आसपासच्या घरातून पिशवी घेऊन चालत येतं म्हणून सकाळी झोन चालतो.

आपल्या उदाहरणात समजा 30 विक्रेत्यांशी बोलल्यावर 19 जणांनी गिऱ्हाईक आत येत नाही हे मुख्य कारण सांगितलं आणि 8 जणांनी झोनमधले दिवे बंद असल्याने होणारा अंधार सांगितला, बाकीच्यांचं काही ना काही. आता इथे अजून एक मोह होतो आणि तो मला सगळ्यात धोक्याचा वाटतो कारण तो अभ्यासू मुलांना होतो. दिवे लावणं सोपं आहे, स्वस्त आहे, कुणाचा विरोध नाही, म्हणून शिफारस दिव्यांची होते. ग्रुप म्हणतो झोनमध्ये चार हायमास्ट लावा, प्रश्न सुटेल. पण तुमचाच डेटा सांगतोय की दिवे लावून फार तर त्या आठ जणांचं कारण जाईल, 19 जणांचं गिऱ्हाईक तरी रस्त्यावरूनच जाणार. दिवे लावा, जरूर लावा, पण ती पूरक शिफारस आहे, मुख्य नाही, आणि ब्रीफमध्ये हे स्पष्ट लिहायचं की फक्त दिव्यांनी रस्ता मोकळा होणार नाही. नाहीतर सहा महिन्यांनी दिवे लागलेले असतात, रस्ता तसाच असतो आणि सगळे म्हणतात बघा, सुविधा देऊनही हे लोक सुधारत नाहीत. चुकीच्या शिफारशीचा फटका असा त्या विक्रेत्यांनाच बसतो, म्हणून हे मार्कांपुरतं घेऊ नका.

तिसरी गडबड कायद्याची, आणि इथे जरा नीट थांबूया. फेरीवाल्यांसाठी 2014 चा केंद्राचा कायदा आहे, पथविक्रेता उपजीविका संरक्षण आणि पथविक्री विनियमन असं त्याचं लांब नाव. आपण कलमं वाचतो पण मागची परिशिष्टं वाचत नाही, आणि खरी गंमत पहिल्या परिशिष्टात आहे. तिथे ना-फेरीवाला क्षेत्र कधी करता येत नाही ते लिहिलंय. अस्तित्वात असलेला बाजार किंवा या कायद्याखाली होणाऱ्या विक्रेत्यांच्या सर्वेक्षणात ओळखलेला नैसर्गिक बाजार, म्हणजे जिथे विकणारे आणि घेणारे परंपरेने जमतात तो, ना-फेरीवाला क्षेत्र करता येत नाही. गर्दी होते हे तसं घोषित करायचं कारण होऊ शकत नाही. अस्वच्छता हेही कारण चालत नाही, जोपर्यंत ती घाण फक्त विक्रेत्यांमुळेच होतेय आणि महापालिकेला तिच्या नेहमीच्या कामातून ती दूर करता येत नाही असं नसेल. आणि जोपर्यंत ते सर्वेक्षण आणि कुठे विक्री चालेल ते ठरवणारा पथविक्री आराखडा झालेला नाही तोपर्यंत कुठलीच जागा ना-फेरीवाला म्हणून घोषित करता येत नाही. म्हणजे ग्रुपने जी शिफारस केली होती, "गर्दी होते म्हणून ना-फेरीवाला करा", ती कायद्याने आधीच नाकारलेली आहे. अधिकाऱ्याच्या टेबलवर असा ब्रीफ गेला तर तो पहिल्याच मिनिटाला बाजूला जाईल आणि बरोबरच आहे.

हटवण्याचंही तसंच. सर्वेक्षण होऊन सगळ्या विक्रेत्यांना विक्रीचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाला हटवायचं नाही असं कायदा म्हणतो, आणि प्रमाणपत्र असलेल्याला हटवायचं किंवा हलवायचं असेल तर 30 दिवसांची नोटीस लागते. तर "कडक कारवाई" लिहिण्याआधी सर्वेक्षण झालंय का, कुणाकडे प्रमाणपत्र आहे, हे तुमच्या फॉर्ममध्ये विचारलेलं असायला हवं. हा प्रश्न विसरलात तर नंतर शिफारस लिहिताना हात बांधलेले राहतात. म्हणूनच मी सांगते की कायदा आधी वाचा आणि फॉर्म नंतर बनवा.

आता कुणाला लिहायचं हे ठरवूया. सगळे लिहितात "प्रशासनाने", "शासनाने", "महापालिकेने". पण फाइल उघडणारा माणूस एकच असतो. या विषयात पथविक्री आराखडा स्थानिक प्राधिकरण शहर फेरीवाला समितीच्या शिफारशीवरून करतं आणि तो राज्य सरकारच्या मंजुरीला जातो, म्हणजे आयुक्तांनी एकट्याने उद्या सकाळी आदेश काढून झोन बदलायचा असं होत नाही. पण त्या समितीचे अध्यक्ष आयुक्तच असतात, म्हणून विषय समितीच्या बैठकीत ठेवणं त्यांच्या हातात आहे. समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांच्यात एक तृतीयांश महिला. हे लक्षात घेतलं की शिफारशीचं पहिलं वाक्य आपोआप बदलतं: "महापालिकेने झोनचा विचार करावा" याऐवजी "आयुक्तांनी, शहर फेरीवाला समितीचे अध्यक्ष या नात्याने, हा विषय पुढच्या बैठकीत ठेवावा." आणि जर तुमच्या शहरात ती समिती नीट बनलेलीच नसेल तर तुमची पहिली शिफारस तीच, समिती पूर्ण करा, कारण तिच्याशिवाय बाकीचं सगळं कागदावर राहणार.

मग पर्याय. कारण कळलं, कायद्याची चौकट कळली, कोण करू शकतो ते कळलं, की तीन-चार पर्याय शेजारी शेजारी ठेवायचे आणि त्यात "आहे तसं राहू द्या" हाही एक ठेवायचा, कारण वाचणारा मनातल्या मनात प्रत्येक पर्याय त्याच्याशीच ताडून बघतो. आपल्या उदाहरणात आहे तसं राहू देणं, संध्याकाळी गाड्या उठवणं, झोनमध्ये दिवे आणि पाणी देणं, आणि चौथा म्हणजे वेळ वाटून देणं: सकाळी सगळे झोनमध्ये, आणि संध्याकाळी पाच ते नऊ रस्त्याच्या एकाच बाजूला आखलेल्या पट्ट्यात. वेळ वाटून देणं ही कल्पना मी मनाने काढलेली नाही, कायद्यातच टाइम-शेअरिंगवर जागा मिळालेल्या विक्रेत्याचा उल्लेख आहे की त्याने आपली वेळ संपली की रोज माल आणि सामान उचलायचं.

पर्याय निवडताना मुलं एक टेबल करतात, परिणामकारकता उच्च-मध्यम-कमी, खर्च उच्च-मध्यम-कमी, आणि त्यातून उत्तर काढतात. मला ते टेबल पटत नाही. "मध्यम" कशाचं मध्यम? त्यापेक्षा एक टेप घेऊन रस्त्यावर जा. हे करून दाखवते कारण यातच शिफारस उभी राहते किंवा पडते.

समजा रस्ता 9 मीटर रुंद आहे. हातगाडी आणि तिच्यापुढे उभं राहणारं किंवा दुचाकी लावून थांबणारं गिऱ्हाईक मिळून अडीच मीटर जातात. दोन्ही बाजूंना गाड्या असल्या तर पाच मीटर गेले, उरले चार. सिटी बस साधारण अडीच मीटर रुंद असते, म्हणजे समोरून दुसरी मोठी गाडी आली की दोघी अडकणार, हाच तो रोजचा जाम. आता गाड्या एकाच बाजूला घेतल्या तर उरतात साडेसहा मीटर, दोन बस कशाबशा पण एकमेकींजवळून जातात. म्हणजे "एक बाजू" हे नुसतं तडजोडीचं वाक्य राहिलं नाही, त्याला मोजमाप आलं.

पण मग त्या एका बाजूला 78 गाड्या मावतील का? इथे खूप जण थांबतात, तुम्ही थांबू नका. रस्त्याचा हा तुकडा समजा 200 मीटर आहे. त्यातून बसस्टॉप, सोसायट्यांची गेटं, चौकाजवळची जागा असे 50 मीटर वजा करा, उरले 150. एका हातगाडीला हालचालीसकट दोन मीटर लांबी धरली तर 75 गाड्या. आपल्याला हव्यात 78. जवळपास जमतंय पण पूर्ण नाही, तीन गाड्या जास्त आहेत. तर हे लपवायचं नाही, ब्रीफमध्ये लिहायचं की तीन जागा कमी पडतात आणि त्यांची सोय झोनच्या रस्त्याकडच्या तोंडाशी करावी, आणि कुणी जायचं ते समितीने चिठ्ठी टाकून किंवा आळीपाळीने ठरवावं. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला हा तीनचा फरक दिसला ना की त्याला कळतं की लिहिणारा जागेवर जाऊन आलाय. याउलट 40 गाड्याच मावल्या असत्या तर ही शिफारस सोडून द्यायला लागली असती, कितीही आवडली असली तरी, आणि मग दुसरा रस्ता जोडायचा का, झोनचं तोंड बदलायचं का, असं परत शोधायला लागलं असतं.

यात नुकसान कुणाचं होतं तेही एका परिच्छेदात लिहा. ज्या बाजूला पट्टा येणार त्या बाजूचे दुकानदार म्हणणार आमच्याच दारात का, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. तर दुकानांच्या दारासमोर मोकळी जागा सोडायची का, दर काही महिन्यांनी बाजू बदलायची का, हे त्यांना विचारून लिहा. दुकानदारांशी न बोलता केलेला असा ब्रीफ बैठकीत पहिल्या दहा मिनिटांत अडतो.

आता शिफारस किती ठाम लिहायची? इथे तुमचा पुरावा किती भक्कम आहे त्यावर सगळं अवलंबून. सहा दिवस मोजलंय, 30 जणांशी बोललोय, आणि ते सुद्धा एकाच सीझनमध्ये, पावसाळ्यात वेगळं असेल, सणाच्या आधी वेगळं असेल. एवढ्या पुराव्यावर "कायमस्वरूपी करा" म्हणणं जड जातं, पण "तीन महिने करून बघा आणि मोजा" म्हणायला हा पुरावा पुरेसा आहे. कमी डेटा असला की मुलं घाबरून शिफारसच गुळमुळीत करतात, "विचार व्हावा", "प्रयत्न करण्यात यावेत" वगैरे. तसं नका करू. वाक्य ठाम ठेवा आणि काम छोटं करा. आणि कधी थांबायचं तेही आधीच लिहून ठेवा, म्हणजे प्रयोग फसला तर तो फसलाय हे सगळ्यांना एकाच आकड्यावरून कळेल.

पैशाचं पण वेळापत्रक बघायला लागतं. महापालिकेचं आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं आणि बजेटची जुळवाजुळव त्याच्या काही महिने आधी सुरू झालेली असते, तर मार्चमध्ये नवीन खर्चाची शिफारस घेऊन गेलात तर ती पुढच्या वर्षावर जाते. पट्टे मारणं आणि दिवे दुरुस्त करणं हे चालू देखभालीच्या कामात बसतं का हे वॉर्ड ऑफिसला जाऊन विचारा, विचारलं की सांगतात. नाशिकमध्ये सध्या 2027 च्या सिंहस्थाच्या तयारीमुळे रस्त्यांची कामं निघतायत, तुमचा रस्ता त्यात असेल तर पट्टा आखायची मागणी डांबर पडायच्या आधी पोचलेली बरी.

हे सगळं धरून शिफारस लिहिली तर ती अशी दिसेल, ब्रीफच्या पहिल्याच परिच्छेदात:

"आयुक्तांनी, शहर फेरीवाला समितीचे अध्यक्ष या नात्याने, या रस्त्यावर तीन महिन्यांचा प्रायोगिक बदल समितीच्या पुढील बैठकीत मांडावा. रस्त्याच्या एका बाजूला 150 मीटर लांब, अडीच मीटर रुंद पट्टा आखून तिथे संध्याकाळी 5 ते 9 या वेळेत 75 विक्रेत्यांना जागा द्यावी, सकाळची विक्री सध्याच्या झोनमध्ये राहावी, आणि उरलेल्या 3 विक्रेत्यांना झोनच्या प्रवेशाशी जागा द्यावी. सोबत झोनमधील बंद दिवे सुरू करावेत, मात्र केवळ दिव्यांमुळे रस्ता मोकळा होण्याची शक्यता कमी आहे. संध्याकाळी 7 वाजताची मोजणी दर आठवड्याला त्याच दोन जागांवरून करावी. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी पट्ट्याबाहेर 10 पेक्षा जास्त गाड्या आढळल्यास प्रयोग थांबवून समितीने फेरविचार करावा."

आता हे "गांभीर्याने लक्ष द्यावे" च्या शेजारी ठेवून वाचा. कोणी करायचं, कुठे, किती, किती दिवस, कसं कळणार, सगळं आलं, आणि तरी एक परिच्छेदच आहे. दहा हा आकडा कुठून आला असं कुणी विचारलं तर तोही सांगता आला पाहिजे, इथे मी असा धरलाय की दुसऱ्या बाजूला दहापेक्षा जास्त गाड्या आल्या की पट्टा असून नसल्यासारखा होतो आणि रस्ता परत अरुंद व्हायला लागतो. तुमच्या रस्त्यावर तो आकडा टेपने ठरेल.

सबमिट करायच्या आधी मी एक गोष्ट पेन्सिलने करायला लावते. प्रिंट काढा, शिफारशीतल्या प्रत्येक तुकड्यापासून एक रेघ काढा आणि ती ज्या फाइंडिंगला जाते तिथे नेऊन टेकवा. माझ्या स्वतःच्या पहिल्या ब्रीफमध्ये अकरा शिफारशी होत्या आणि माझ्या मॅडमनी हे करायला लावल्यावर सात रेघा कुठेच टेकल्या नाहीत, त्या शिफारशी मी चांगल्या वाटल्या म्हणून घातल्या होत्या, त्यातली एक तर मोबाइल ॲपची होती आणि मी एकाही विक्रेत्याला फोनबद्दल काही विचारलं नव्हतं. त्या सात काढून टाकल्या तेव्हा जीवावर आलं होतं, पण उरलेल्या चारांना लिहायला जागा मिळाली. उलटी रेघ पण बघा, एखादं मोठं फाइंडिंग असेल आणि त्याच्याकडे एकही रेघ येत नसेल तर तुम्ही काहीतरी सोडलंय. आपल्या उदाहरणात असं एक आहे, सकाळी झोन असूनही 22 गाड्या रस्त्यावरच होत्या, त्यांचं काय? आपल्या शिफारशीत त्यांच्यासाठी काहीच नाही. एकतर त्यांच्याशी परत जाऊन बोलायचं की तुम्ही सकाळी आत का नाही, किंवा ब्रीफमध्ये सरळ लिहायचं की सकाळच्या 22 गाड्यांचं कारण या पाहणीत तपासलेलं नाही. मी तरी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला परत जाईन, 22 गाड्या आहेत, दीड तासात बोलून होतं.